न्यूमोनिया बरा झाला, एक्सरे क्लिअर आला, तरी दम का लागतो?

प्रश्न: वय 44, इंदिरानगरला तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. जानेवारीत उजव्या बाजूचा न्यूमोनिया झाला, सहा दिवस अ‍ॅडमिट होतो. आता नऊ आठवडे झाले. एक्सरे क्लिअर, ऑक्सिजन 98, डॉक्टर म्हणतात सगळं नॉर्मल. तरी दुसऱ्या मजल्यावरच धाप लागते, आणि नुसतं बसलेलो असतानाही श्वास पूर्ण भरत नाही असं वाटतं. रात्री दचकून उठतो. तीन बॉलचं यंत्र रोज करतो, भाऊ म्हणतो कपालभाती कर. फुप्फुस कायमचं खराब झालंय का? सुट्टीत मुलीला पांडवलेणीला न्यायचं कबूल केलंय, जमेल का?

उत्तर:

तुम्ही एकच तक्रार म्हणून लिहिलंय, पण त्यात दोन वेगवेगळे दम आहेत. एक जिन्यावरचा आणि एक खुर्चीतला. दोघांची कारणं वेगळी, उपाय वेगळे. मी नाशिकमध्ये बावीस वर्षं छातीच्या पेशंटची फिजिओथेरपी करते. न्यूमोनियानंतर महिना-दोन महिन्यांनी येणारे बरेच जण या दोन्ही दमांची एकत्र मोट बांधून "फुप्फुस गेलं" असा निष्कर्ष काढून येतात. मग एका दमाचा उपाय दुसऱ्यावर करत बसतात आणि दोन्ही वाढतात.

आधी एक सांगते. मी तुम्हाला तपासलेलं नाही. पुढचं सगळं हे धरून आहे की तुम्ही सिगारेट ओढत नाही, दम्याचा इतिहास नाही, आयसीयूत किंवा व्हेंटिलेटरवर नव्हता आणि दम आठवड्यागणिक थोडा का होईना कमी होतोय. यातलं एक जरी चुकलं तर हिशेब बदलतो. न्यूमोनियानंतर साधारणपणे पहिल्या आठवड्यात ताप जातो, चौथ्या आठवड्यापर्यंत छातीतलं दुखणं आणि कफ बराच कमी होतो, सहाव्यापर्यंत खोकला आणि धाप बरीच उतरते. तीन महिन्यांनी बहुतेक तक्रारी जातात, पण थकवा रेंगाळू शकतो. पूर्वीसारखं वाटायला सहा महिनेही लागतात. म्हणजे नवव्या आठवड्यात तुम्ही थोडे मागे असाल, पण गाडी रुळावरून घसरलेली नाही.

मात्र काही गोष्टी असतील तर माझं उत्तर बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. पुन्हा ताप येणं, विशेषतः संध्याकाळचा, वजन उतरणं, दोन आठवड्यांहून जास्त खोकला: यात थुंकीची टीबीची तपासणी व्हायलाच हवी. खोकल्यात रक्त, एकाच पायाची पोटरी सुजणं-दुखणं, श्वास घेताना छातीत सुरी लागल्यासारखी कळ, चालताना छातीवर दडपण: यात वाट पाहू नका, त्याच दिवशी जा. अंथरुणात बरेच दिवस पडून राहिलेल्या माणसाच्या पायात रक्ताची गाठ होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते आणि तेव्हाही एक्सरे साफच दिसू शकतो. आडवं झाल्यावर दम वाढत असेल आणि पायावर सूज असेल तर हृदय तपासायचं. छातीत शिट्टीसारखा आवाज येत असेल, पहाटे खोकल्याने जाग येत असेल तर फुंकून करायची पीएफटी करून घ्या, कारण इन्फेक्शननंतर दबलेला दमा बाहेर येतो. आणि हिमोग्लोबिन बघितलंय का? ही स्वस्तातली तपासणी राहून गेलेली मला नेहमी सापडते.

हे सगळं बाजूला केल्यावर जे उरतं त्याबद्दल आता.

खुर्चीतला दम

पेशंटला मी पहिल्यांदा विचारते, "टीव्ही बघताना जास्त होतं की भाजी घेताना?" दमा सोडला तर फुप्फुसाचा आजार बहुतेक वेळा प्रामाणिक असतो. तेवढाच जिना, तेवढाच दम, सोमवारी आणि गुरुवारी सारखाच. जो दम शांत बसल्यावर येतो, शेजारी गप्पा मारायला आले की जातो, ऑफिसच्या गडबडीत आठवतही नाही आणि रात्री दिवा मालवला की पुन्हा हजर होतो, तो बहुतेक वेळा श्वास घेण्याच्या पद्धतीतून येतो. तुमचं यातलं कुठलं आहे ते दोन दिवस बघा.

पद्धत बिघडते कशी? जानेवारीत तुमच्या उजव्या फुप्फुसाचा एक भाग पाण्याने-पुवाने भरला होता. तिथे हवा पोचत नव्हती, खोल श्वास घेतला की दुखत होतं. तेव्हा शरीराने बरोबरच केलं: भरभर, उथळ, छातीच्या वरच्या भागातून, मानेचे आणि खांद्याचे स्नायू लावून श्वास घेतला. ताप उतरला, फुप्फुस मोकळं झालं, पण ती सवय उतरली नाही. तुम्ही अजूनही आजारी माणसासारखाच श्वास घेताय.

"श्वास पूर्ण भरत नाही" ही भावना याच्यातूनच येते, आणि तिचं कारण ऐकून पेशंट चक्रावतात. हंडा आधीच पाऊणभर भरलेला असेल तर त्यात कळशी रिकामी करायला जागा कुठून मिळणार? तुम्ही आतला श्वास अर्धवट सोडून लगेच पुढचा घेताय. आत्ता, हे वाचता वाचता करून बघा. नवा श्वास न घेता, आहे त्या जागेवरून हलकेच फुंकर घालत राहा. बरीच हवा निघते ना? तेवढी थोडी हवा कुणाच्याही फुप्फुसात उरतेच, पण श्वास अर्धवट सोडत राहिलं की ती आणखी साठते. जागा नव्हती म्हणून वर घेतलेला श्वास अपुरा वाटत होता.

दुसरी गोष्ट रक्तातली. जास्त श्वास घेतला म्हणून ऑक्सिजन जास्त मिळत नाही. तो आधीच 98 आहे, भरलेल्या बसमध्ये आणखी किती चढणार? पण कार्बन डायऑक्साइड मात्र गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो. तो कमी झाला की डोकं हलकं होतं, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, छातीत धडधडतं. शिवाय मेंदूला कमी कार्बन डायऑक्साइडची सवय लागते. मग तुम्ही श्वास जरा कमी केला की तो लगेच ओरडतो, "हवा कमी पडतेय!" हवा कमी पडत नसते. पण ओरडा खरा असतो, त्रास खरा असतो. "मनाचे खेळ आहेत" म्हणणाऱ्यांवर मला राग येतो तो त्यासाठीच.

आणि इथेच भीती शिरते. न्यूमोनियात तुम्हाला खरोखर श्वास पुरला नव्हता, ती रात्र शरीराने लक्षात ठेवली आहे. आता तशी जराशी जाणीव झाली की शरीर घाबरून श्वास आणखी वाढवतं, त्याने डोकं आणखी हलकं होतं, त्याने भीती आणखी वाढते.

तीन बॉल आणि कपालभाती

ही चूक मी स्वतः केलेली आहे. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत छाती म्हटलं की "खोल श्वास घ्या" हेच मी सगळ्यांना सांगायचे. न्यूमोनियातून बऱ्या झालेल्या एका बाईंना मी तासाला दहा वेळा तीन बॉलचं यंत्र करायला लावलं आणि पुढेही बंद करायला सांगितलं नाही. दीड महिन्याने त्या आल्या त्या बोटं वाकडी झालेली, ओठ बधिर, घामाघूम. त्यांच्या घरच्यांना अटॅक वाटला होता. ईसीजी साफ, ऑक्सिजन 99. त्या दिवसापर्यंत त्या रोज शंभरेकदा यंत्र ओढत होत्या, कारण तिसरा बॉल वर जात नव्हता.

ते यंत्र ऑपरेशननंतर किंवा न्यूमोनियाच्या ऐन दिवसांत, बंद पडलेले कप्पे उघडण्यासाठी दिलेलं असतं. त्यावर 600, 900, 1200 असे आकडे असतात. ते तुम्ही किती वेगाने हवा ओढली त्याचे आहेत, फुप्फुसात किती जागा आहे त्याचे नाहीत. जोरात हिसका दिला की तिन्ही बॉल उडतात आणि शांत, लांब श्वास घेतला तर एकच उचलला जातो. पण दुसरा श्वासच चांगला असतो. नवव्या आठवड्यात, एक्सरे साफ असताना, ते कपाटात ठेवा. डॉक्टरांनी दुसऱ्या काही कारणाने चालू ठेवायला सांगितलं असेल तर त्यांना विचारून.

कपालभाती आणि भस्त्रिका यांना माझा विरोध नाही, पण तुमच्यासाठी आत्ता नको. दोन्हींत भरभर आणि जोरात श्वास आहे, म्हणजे जी सवय मोडायची तिचीच तालीम. भावाला नाराज करायचं नसेल तर भ्रामरी करा. गुणगुणत सोडलेला लांब श्वास, तोंड बंद, अगदी हवा तसा. अनुलोम-विलोमही चालेल, फक्त कुंभक करू नका, श्वास कुठेही अडवू नका.

आणखी एक: कुणी कागदी पिशवीत श्वास घ्यायला सांगेल. घेऊ नका. दम खरोखर ऑक्सिजनच्या कमतरतेचा असेल तर ते धोक्याचं आहे, आणि घाबरलेल्या क्षणी हा फरक घरच्यांना कळत नाही.

मग करायचं काय

पाठीवर झोपा, गुडघ्यांखाली उशी. एक हात छातीवर, एक बरगड्या संपतात तिथे पोटावर. तोंड बंद. आधी बाहेरचा श्वास: उसासा टाकतो तसा, पण आवाज न करता, न ढकलता, जितका आपोआप निघेल तितका. निघून गेल्यावर मनात "एक, दोन" इतकं थांबा. मग नाकातून आत घ्या, आणि हे महत्त्वाचं, तुम्हाला हवासा वाटतो त्यापेक्षा थोडा लहान घ्या. वरचा हात जवळजवळ स्थिर राहावा, खालचा हलकेच उचलला जावा. पोट मुद्दाम फुगवायचं नाही. फुगवाफुगवी करणारे पेशंट दोन मिनिटांत पाठ दुखतेय म्हणतात.

थोडी हवेची भूक लागेल. ती लागली पाहिजे, पण थोडीशीच, सहन होईल इतकी. फार लागली तर श्वास थोडा मोठा करा. सकाळी दहा मिनिटं, झोपण्याआधी दहा मिनिटं. पहिले चार-पाच दिवस "याने काय होतंय" असं वाटतं, आणि बहुतेक जण तिथेच सोडून देतात. दहा-बारा दिवसांनी हे झोपून सोपं झालं की खुर्चीत बसून करा, मग उभं राहून, मग सपाट रस्त्यावर चालताना.

दिवसभरात "एक मोठ्ठा श्वास घेऊन बघतो" अशी इच्छा दर पाच मिनिटांनी होईल. ती घेऊन बघणं हाच रोग वाढवणारा प्रकार आहे. श्वास भरला तर क्षणभर बरं, नाही भरला तर भीती, दोन्हीकडून नुकसान. इच्छा झाली की आवंढा गिळा, आणि एक छोटा नाकातला श्वास घेऊन हळू सोडा. घोटभर पाणी प्यायलात तरी तेच काम होतं. दिवसातून दहा उसासे रोखलेत तरी पहिल्या आठवड्याला पुरे.

जिन्यावरचा दम

हा दम मुख्यतः पायांचा आहे. लोकांना हे पटत नाही, कारण धाप छातीत लागते. सहा दिवस हॉस्पिटल, मग घरी "आराम करा", मग भीतीने कमी हालचाल. इतक्यात मांडीचे स्नायू चांगलेच उतरतात. अशक्त स्नायू थोड्याशा कामात लॅक्टिक आम्ल तयार करू लागतो, ते निस्तरताना कार्बन डायऑक्साइड जास्त तयार होतो आणि तो बाहेर टाकायला फुप्फुसाला जास्त चालावं लागतं. फुप्फुस बिचारं पायांची उधारी फेडतंय.

यात तुमची जिना चढायची पद्धत भर घालत असणार. घाबरलेला माणूस जिना "एकदाचा संपवू" म्हणून घाईने, श्वास रोखून चढतो आणि वर जाऊन कोसळतो. तुम्ही एका पायरीला आत, पुढच्या दोन पायऱ्यांना बाहेर, असा ठेका धरा. बाहेरचा श्वास गरम चहावर फुंकर घालतो तसा. दम लागायच्या आधी, पहिल्याच चौथऱ्यावर थांबा, कठड्यावर दोन्ही हात टेकवून किंचित पुढे झुका. हात टेकले की खांद्याचे स्नायू छातीच्या मदतीला येतात. तीन-चार फुंकरी, मग पुढे. "मी थांबलो म्हणजे मी आजारी" हे मनातून काढा. ठरवून थांबणं आणि नाइलाजाने थांबणं यात मेंदूला मोठा फरक कळतो.

एक केस, आकड्यांसकट

गेल्या वर्षी माझ्याकडे सातपूरच्या कारखान्यात लेथवर काम करणारे एक गृहस्थ आले, वय 51. न्यूमोनिया होऊन आठ आठवडे झाले होते, एक्सरे साफ. सुट्टी संपत आली होती आणि ते घराच्या गेटपलीकडे एकटे जात नव्हते. खिशात ऑक्सिमीटर. मी विचारलं दिवसातून किती वेळा लावता, तर त्यांच्या आधी बायको म्हणाली, "मॅडम, जेवताना पण."

मी त्यांना खुर्चीवरून एका मिनिटात जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा उठ-बस करायला लावलं, हात छातीवर घडी घालून. सोपी चाचणी आहे. पण ज्यांना हृदयाचा त्रास किंवा गुडघ्याचं मोठं दुखणं आहे त्यांनी ती घरी करू नये. आधी बसल्या जागी: श्वास मिनिटाला 22, ऑक्सिजन 98, नाडी 94. चाचणीत 16 वेळा उठले. ऑक्सिजन कमीत कमी 96, नाडी 126. दम किती, असं 0 ते 10 मध्ये विचारलं, तर म्हणाले 7. मग मी घड्याळ लावून बसले. दम पूर्वीइतका शांत व्हायला सात मिनिटं लागली.

मी त्यांना तो कागद दाखवला. दम 7 असताना ऑक्सिजन 96 होता, म्हणजे फुप्फुस ते काम करत होतं. दम आला तसा गेला, औषध न घेता, वाफ न घेता, नुसतं बसून. ते बराच वेळ त्या सात मिनिटांच्या आकड्याकडे बघत होते. आठ आठवड्यांत त्यांनी एकदाही दम आपोआप उतरताना पाहिला नव्हता. दर वेळी तो लागताच ते पळून जात होते: बसायचे, ऑक्सिमीटर लावायचे, पंखा वाढवायचे, बायकोला हाक मारायचे.

तेव्हा आम्ही वहीत एकच गोष्ट लिहायची ठरवली: दम उतरायला किती मिनिटं लागली. किती चाललो ते नाही, ऑक्सिजन किती ते नाही. रोज एकदा, खुर्चीवरून दहा उठ-बस आणि नंतर गोल्फ क्लब मैदानाच्या ट्रॅकवर चालणं. दम 3 ते 4 पर्यंत जाऊ द्यायचा, म्हणजे बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतपत. मग वेग कमी करायचा, फुंकर घालत घड्याळ बघायचं. पहिल्या आठवड्यात आठ मिनिटं चालणं, पुढे दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवत. सोबत सकाळ-संध्याकाळ झोपून श्वासाचा सराव.

पहिल्या आठवड्याच्या नोंदी: सहा मिनिटं, सात, पाच, सहा. तिसऱ्या आठवड्यात साडेतीन-चार. मग होळी आली. गल्लीत होळी पेटली, धूर घरात शिरला, रात्रभर खोकला. दुसऱ्या दिवशी दम उतरायला नऊ मिनिटं. त्यांचा फोन आला, आवाज पडलेला: "मॅडम, पहिल्यापासून झालं." मी त्यांना तपासायला बोलावलं. ताप नाही, ऑक्सिजन 97, छातीत नवा आवाज नाही. इन्फेक्शननंतर श्वासनळ्या काही आठवडे हळव्या राहतात. धूर, फोडणीचा ठसका, गार हवा, धूळ, कशानेही आकसतात. त्यांना चार दिवस फक्त निम्मं चालायला सांगितलं, बंद करायला नाही. रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडीत उड्या मारायला ते गेले नाहीत, पण काठावर उभे राहून बघून आले, एकटे. त्या दिवशी वहीत मिनिटं लिहायला विसरले.

सातव्या आठवड्यात पुन्हा चाचणी घेतली: बसल्या जागी श्वास 16, उठ-बस 25, दम 4, उतरायला अडीच मिनिटं. आणि ऑक्सिजन कमीत कमी 96, पहिल्या दिवसाइतकाच. फुप्फुस होतं तसंच होतं. पाय सुधारले होते, श्वासाची पद्धत सुधारली होती आणि सात मिनिटांची भीती अडीच मिनिटांची झाली होती. सगळ्यांचं इतकं सरळ होत नाही. काहींना सात आठवड्यांऐवजी चार महिने लागतात, आणि घाबरण्याचे झटके फार येत असतील तर मी मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्यायला सांगते. त्याने माझं काम अर्ध्यावर येतं.

ऑक्सिमीटर

तुम्ही तो किती वेळा लावता ते लिहिलं नाहीत, पण 98 तोंडपाठ आहे त्यावरून अंदाज येतो. त्याला कार्बन डायऑक्साइड कळत नाही. तुमच्या खुर्चीतल्या दमाबद्दल तो एवढंच सांगू शकतो की ऑक्सिजन कमी नाही, आणि ते त्याने शंभरदा सांगितलंय. बोट गार असेल, मेंदी किंवा नेलपॉलिश असेल, हात हलत असेल तर तो 91 दाखवून उगीच जीव घाबरा करतो. हात चोळून गरम करा, मिनिटभर स्थिर ठेवा आणि आकडा थांबला की मगच वाचा.

यंत्र बायकोच्या ताब्यात द्या. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ एकदा, पुढे फक्त चालण्याच्या सरावात आठवड्यातून दोनदा. दम लागला म्हणून लावायचा नाही, ठरलेल्या वेळी लावायचा. बसल्या जागी नीट मोजून 94 च्या खाली राहत असेल किंवा चालताना 4 किंवा त्याहून जास्त अंकांनी पडत असेल तर मात्र ती खरी बातमी आहे, चेस्ट फिजिशियनना दाखवा. 92 च्या खाली गेला आणि राहिला तर त्याच दिवशी.

रात्रीचं दचकणं

झोप लागताना श्वास आपोआप लहान होतो आणि कार्बन डायऑक्साइड थोडा वाढतो. दिवसभर जास्त श्वास घेऊन सवय बिघडलेल्या मेंदूला तो वाढलेला वाटतो आणि तो हाक मारून उठवतो. उठलात की खिडकीकडे धावू नका. पलंगाच्या कडेला बसा, कोपरं मांड्यांवर टेकवा, खांदे सैल, आणि फक्त सोडण्याकडे लक्ष. आत घ्यायचं शरीर बघून घेईल. कुशीवर, डोक्याखाली दोन उशा घेऊन झोपणं सुरुवातीला सोपं जातं. दिवसाचा सराव बसला की हे सहसा आधी जातं. पण बायको म्हणत असेल की तुम्ही जोरात घोरता आणि मध्येच श्वास थांबतो, तर तो वेगळा विषय आहे, झोपेची तपासणी करून घ्या.

पांडवलेणी

मे महिन्यात जायचं असेल तर तुमच्याकडे सहा-सात आठवडे आहेत. तयारी घरच्या जिन्यावरच होईल. पहिले दोन आठवडे झोपून श्वासाचा सराव, रोज दहा उठ-बस आणि सपाट चालणं. तिसऱ्यापासून घरचा जिना ठरवून, ठेक्यात, प्रत्येक मजल्यावर थांबत. पाचव्यापासून एका दमात दोन मजले, मग थांबून तिसरा. तिन्ही मजले चढून दम 4 च्या आत आणि तीन मिनिटांत उतरतोय, असं सलग चार दिवस झालं की पांडवलेणीच्या पायऱ्यांना हात घाला.

पहिल्यांदा मुलीला न घेता जा. सकाळी ऊन चढायच्या आत, फाळके स्मारकाच्या बाजूने थोडं सपाट चालून पाय गरम करा, मग निम्म्या पायऱ्यांपर्यंत जाऊन मुद्दाम परत फिरा. दम लागेल. लागू द्या, कठड्यावर हात टेकवा, घड्याळ बघा, वहीत मिनिटं लिहा. पुढच्या रविवारी मुलीला घेऊन जा. ती धावत पुढे जाईल, तिच्या वेगाने जाऊ नका. वर लेण्यांपाशी तिला थांबायला सांगा.

पहिल्या आठवड्याच्या मिनिटांच्या नोंदी इथे टाकल्यात तर बघेन. हिमोग्लोबिनचा आकडाही टाका.